लाइट आल्यावर न सापडलेली डिस्क : प्रस्तावना

लाइट जाते, तास-दोन तासांनी येते, डोक्यावरचा पंखा फिरू लागतो आणि टेबलाखालच्या कॉम्प्युटरचे बटण दाबले की काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ येऊन थांबते: No bootable device found. कुठे तीच गोष्ट Reboot and Select proper Boot device अशी येते, कुठे Operating System not found अशी, आणि जुन्या यंत्रांवर DISK BOOT FAILURE, INSERT SYSTEM DISK AND PRESS ENTER अशी. यंत्र कोणी बनवले त्याप्रमाणे शब्द बदलतात. समोर बसलेल्या माणसाच्या पोटात येणारा गोळा मात्र सगळीकडे सारखाच असतो. दुकानाची उधारी, संस्थेची खाती, घरातले फोटो, सगळे त्या पेटीत असते. तेवढ्यात कोणी तरी म्हणते, "हार्ड डिस्क उडाली." दुसरा म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल." लाइट गेल्यामुळे गेलेला डेटा मी पाहिला आहे, पण या दोन वाक्यांमुळे गेलेला त्याहून जास्त पाहिला आहे.

संगणकातला दोष ओळखण्याच्या विद्येत नव्याने येणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहे. त्याच्या उंबरठ्यावर मी मुद्दाम हा एकच संदेश ठेवतो आहे. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी यंत्र नेमके काय म्हणते आहे ते वाचायचे असते, आणि ते या एका ओळीवर जितके चांगले शिकता येते तितके दुसऱ्या कशावर क्वचितच येते.

ओळ पुन्हा वाचा. डिस्क बिघडली असे तिथे कुठेही लिहिलेले नाही. ज्यावरून सुरू होता येईल असे काही सापडले नाही, एवढेच लिहिले आहे. हे बोलतो आहे तो विंडोज नव्हे, कारण विंडोज अजून उठलेलाच नाही. बोलतो आहे तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसवलेला छोटा प्रोग्राम. त्याला आपण सगळे बायोस म्हणतो. आजच्या यंत्रांत त्याच्या जागी यूईएफआय आहे, पण बोलण्यात बायोसच राहिला आहे. बटण दाबल्यावर तो आधी मेमरी, कीबोर्ड, पडदा यांची हजेरी घेतो. मग त्याच्याकडच्या यादीप्रमाणे एकेका साधनापाशी जाऊन विचारतो, तुझ्याकडे सुरुवातीचा प्रोग्राम आहे का? यादी संपेपर्यंत कोणाकडून होकार आला नाही, की तो ही ओळ लिहून थांबतो.

म्हणजे या एका ओळीमागे तीन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. डिस्क बायोसला दिसतच नसेल. डिस्क दिसत असेल, पण बायोस चुकीच्या ठिकाणी किंवा चुकीच्या पद्धतीने शोधत असेल. किंवा डिस्कही दिसते, शोधही बरोबर आहे, पण तिच्यावरचा सुरुवातीचा मजकूर खराब झाला असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, आणि पहिल्या दोन्हींत फॉरमॅटचा काडीचाही संबंध नाही. नवशिक्याचे पहिले काम या तिघांतले आपले कोणते, ते ठरवणे. दुरुस्ती त्यानंतर.

त्यातली दुसरी शक्यता मी आधी घेतो. लाइट जाण्याशी तिचे नाते सगळ्यात जवळचे आहे आणि तीच सगळ्यात कमी ओळखली जाते.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पहिल्या पीसीत किती मेमरी आहे, किती फ्लॉपी ड्राइव्ह आहेत, हे बोर्डवरच्या बारीक बटणांच्या ओळीने सांगितले जाई. ती बटणे वर-खाली करून ठेवली की झाले. वीज असो वा नसो, बटण आपली जागा सोडत नसे. १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये ही माहिती घड्याळाच्या चिपमधल्या ६४ बाइटांच्या मेमरीत गेली. घड्याळ आणि ती मेमरी, दोन्ही जिवंत ठेवायला एक बॅटरी बसवली गेली. तेव्हापासून कॉम्प्युटर स्वतःबद्दलची माहिती विसरू शकतो. आजच्या बोर्डवर रुपयाच्या नाण्यासारखा चकचकीत जो सेल दिसतो, तो त्या बॅटरीचा वंशज. त्यावर सीआर२०३२ असे कोरलेले असते: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर, आणि नवा असताना दाब ३ व्होल्ट किंवा किंचित जास्त.

आता यातली खरी मेख पाहा. कॉम्प्युटर बंद केला तरी त्याची पिन सॉकेटमध्ये असेल आणि भिंतीवरचे बटण चालू असेल, तर आतला पॉवर सप्लाय बोर्डला थोडी वीज देतच राहतो. घड्याळ त्या विजेवर चालते, सेलला हात लावत नाही. सेल खर्च होतो तो मुख्य वीज तुटल्यावर. त्यामुळे एखाद्या ऑफिसात कॉम्प्युटर वर्षानुवर्षे चालू सॉकेटवर राहिला, छोटा खंड यूपीएसने निभावला, की आतला सेल वयाने कधीच संपलेला असूनही कोणाला पत्ता लागत नाही. मग एखाद्या रात्री लाइट यूपीएसच्या ताकदीपेक्षा जास्त वेळ जाते. सेलला वर्षांनंतर पहिल्यांदा काम करायची वेळ येते, तो ते करू शकत नाही, आणि बोर्ड आपल्या सगळ्या नोंदी विसरून कारखान्यातून निघाला त्या दिवशीच्या सेटिंगवर परत जातो. सकाळी सगळे म्हणतात, लाइटने कॉम्प्युटर घालवला. लाइटने घालवले काहीच नव्हते. आधीच गेलेला सेल तिने फक्त उघडा पाडला.

एक प्रसंग सांगतो. वळवाच्या वाऱ्यात तारा तुटून आमच्या भागातली लाइट रात्रभर गेली होती. पेरणीचे दिवस तोंडावर, आणि एका कृषी सेवा केंद्राच्या मालकांचा सकाळी फोन आला: बिलाचा कॉम्प्युटर चालू होत नाही, No bootable device found म्हणतो. एकाने त्यांना नवी हार्ड डिस्क घ्यायला सांगितले होते. यंत्र होते एका मोठ्या ऑफिसातून निघालेले, जुन्या बाजारात घेतलेले डेस्कटॉप. मी पोहोचलो तेव्हा बाराला वीस मिनिटे कमी होती.

आधी मागचा-पुढचा प्रत्येक पेन ड्राइव्ह काढायला लावला. शोधाच्या यादीत तो डिस्कच्या आधी आला आणि त्याच्यावर सुरुवातीचा प्रोग्राम नसला, तर काही जुनी यंत्रे तिथेच अडतात. यात काही निघाले नाही. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केले आणि चालू होता होता F2 हे बटण दाबत राहिलो. काही यंत्रांत तिथे Del लागते, काहींत F10. पहिल्या काही सेकंदांत पडद्याच्या तळाशी ते लिहून येते. बायोसचा सेटअप उघडला.

तिथे डिस्क शोधण्याआधी मी घड्याळ पाहिले, आणि ही सवय मी प्रत्येक विद्यार्थ्याला लावतो. तारीख १ जानेवारी होती, वर्ष बरेच मागचे, आणि वेळ दोन वाजून चाळीस मिनिटे. मी मालकांना विचारले, "सकाळी पहिल्यांदा बटण कधी दाबलंत?" ते म्हणाले, "नऊला. शटर वर केलं आणि लगेच." नऊपासून बाराला वीस कमी, म्हणजे बरोबर दोन तास चाळीस मिनिटे. त्या सकाळी पहिल्यांदा बटण दाबले गेले तेव्हा बोर्डाने आपले आयुष्य नव्याने सुरू केले होते आणि तो शून्यापासून मोजायला लागला होता. सेल मेला आहे, हे पेटी न उघडताच कळले.

मग डिस्कची यादी. ५०० जीबीची डिस्क आपल्या पूर्ण मॉडेल क्रमांकासह तिथे हजर होती. एवढ्याने ‘हार्ड डिस्क उडाली’ हे निदान जवळपास बाद झाले. मेलेली डिस्क आपले नाव आणि आकार सहसा इतका नीट सांगत नाही. पुढच्या पानावर सुरुवातीच्या पद्धतीपुढे UEFI असे होते, Secure Boot चालू होते, आणि खालची साधनांची यादी रिकामी होती.

इथे थोडे थांबून समजून घ्यावे लागेल. डिस्कवरून सुरू होण्याच्या दोन रीती आहेत. जुन्या रीतीत बायोस डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांचा तुकडा वाचतो. त्या तुकड्यात एक छोटा प्रोग्राम आणि डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो, आणि शेवटच्या दोन बाइटांत ओळख पटवणारी खूण. नव्या यूईएफआय रीतीत डिस्कवर एक छोटा वेगळा विभाग असतो आणि त्यातली ठरावीक फाइल शोधली जाते. जुन्या रीतीने तयार केलेल्या डिस्कवर तो विभागच नसतो. नव्या रीतीने शोधणारा तिथे येतो, त्याला काही दिसत नाही, आणि तो प्रामाणिकपणे सांगतो: सापडले नाही. दुसऱ्या दाराने आला असता तर सापडले असते.

मालकांच्या यंत्रावर नेमके हेच झाले होते. विकणाऱ्याने त्यावर आधी विंडोज ७ जुन्या रीतीने टाकला होता आणि त्यासाठी सेटअपमध्ये Legacy निवडले होते. पुढे त्याच डिस्कवर विंडोज १० आला, पण रीत जुनीच राहिली. सेल गेला, बोर्ड कारखान्याच्या सेटिंगवर परतला, आणि तिथले मूळ सेटिंग होते नव्या रीतीचे.

पिन सॉकेटमधून काढून सेल बदलला. काढलेला सेल मल्टिमीटरवर मोजला तर २.१ व्होल्ट भरला. मग तारीख-वेळ लावली, Secure Boot बंद केले, कारण ते चालू असेपर्यंत बहुतेक यंत्रे Legacy निवडू देत नाहीत. नंतर Legacy निवडून डिस्क यादीत वर आणली आणि बदल जतन करून बाहेर आलो. मिनिटभरात बिलाचा प्रोग्राम उघडला, आदल्या संध्याकाळचे शेवटचे बिल होते तसे होते. खर्च झाला तो सेलचा, फार तर चाळीस रुपये.

प्रत्येक वेळी असेच निघेल असे नाही. नव्या अनेक बोर्डांवर सेटिंगा फ्लॅश चिपमध्ये राहतात आणि सेल गेला तरी फक्त घड्याळ चुकते. काही बोर्ड मात्र घड्याळ बंद पडलेले दिसताच खबरदारी म्हणून मूळ सेटिंग उचलतात. म्हणून चुकीची तारीख हा पुरावा असला तरी तो निकाल नव्हे. सेटिंगमध्ये हात घालण्याआधी आणखी एक विचारून घ्या: डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का? असेल तर Secure Boot सारखा बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो, आणि ती कुठे ठेवली आहे हे मालकाला आठवत नसेल तर बरे यंत्रही दाराबाहेर उभे राहते. म्हणून हात लावण्याआधी त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आता पहिली शक्यता: सेटअपच्या यादीत डिस्कच नाही. इथे पेटी उघडावी लागते. आधी पिन काढा, मग कॉम्प्युटरचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल, आणि आत हात घालण्याआधी पेटीच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा. डिस्कला दोन केबल असतात. अरुंद ती डेटाची, रुंद ती विजेची. दोन्ही दोन्ही टोकांनी काढून पुन्हा घट्ट बसवा. धूळ आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेले टोक एवढ्यानेच पुन्हा जोडले जाते. मी हे अनेकदा पाहिले आहे. नाही झाले तर डेटाची केबल बोर्डवरच्या शेजारच्या जागेत लावा, मग केबल बदला, मग पॉवर सप्लायची दुसरी वायर लावा. प्रत्येक बदलानंतर सेटअप उघडून यादी पाहा. दोन बदल एकदम केले आणि डिस्क दिसली, तर कशामुळे दिसली ते कळणार नाही, आणि पुढच्या महिन्यात तोच दोष परत आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर कान द्या. निरोगी डिस्क चालू होताना हळूच वेग घेते आणि मग एकसारखी गुणगुणते. अचानक वीज गेली म्हणून तिची सुई तबकडीवर आपटते, ही समजूत जुनी झाली. वीज तुटताच फिरत्या तबकडीचीच मोटर क्षणभर जनित्र होते आणि तेवढ्या विजेवर सुई आपल्या जागी परत जाते. पण टक्, टक्, टक् असा ठरावीक आवाज येत असेल, तर आत यांत्रिक दोष आहे. तेव्हा वीज बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. प्रत्येक वेळी चालू केल्याने वाचवता येण्याजोगा भाग कमी होत जातो. तिथे नवशिक्याचे काम संपते आणि डेटा परत काढून देणाऱ्यांचे सुरू होते.

एसएसडीला आवाज नसतो, आणि वीज जाण्याचा फटका तिला वेगळ्या जागी बसतो. कोणता मजकूर कोणत्या चिपच्या कोणत्या कप्प्यात आहे, याचा नकाशा तिच्या आत सतत बदलत असतो. तो लिहिला जात असतानाच वीज गेली तर डिस्क काही वेळ ओळखच देत नाही. काही कंपन्या अशा वेळी डेटाची केबल काढून फक्त विजेवर वीस मिनिटे ठेवायला आणि मग अर्धा मिनिट पूर्ण बंद करून हेच पुन्हा करायला सांगतात, म्हणजे तिला आपला नकाशा पुन्हा जुळवता येतो. हे नेहमी साधत नाही, पण यात गमावण्यासारखे काही नाही, म्हणून नवी घेण्याआधी जरूर करावे.

तिसऱ्या शक्यतेवर मी इथे फार लिहीत नाही. पुस्तकातले एक मोठे प्रकरण त्यावर आहे. डिस्क दिसते, रीत बरोबर आहे, तरी सुरुवात होत नाही, तर सुरुवातीच्या फाइली बिघडल्या असण्याची शक्यता आहे आणि त्या दुरुस्त करता येतात. पण त्याआधी डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडा आणि महत्त्वाचे सगळे उतरवून घ्या. तिथे विंडोज कधी कधी You need to format the disk in drive E: before you can use it असे विचारतो. त्या क्षणी Cancel दाबा. समोर दिसणारे दुसरे बटण, Format disk, हा उपाय नाही. ज्या मजकुरासाठी आपण एवढा खटाटोप केला, त्याची यादी ते पुसून टाकते.

या पुस्तकातली पुढची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी यंत्र काय म्हणते ते, मग काय दिसते आणि काय दिसत नाही ते, आणि शेवटी हाताने करायचे काम. विद्युतशास्त्राची पदवी यासाठी लागत नाही. एक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, एक साधा मल्टिमीटर, एक नवा सीआर२०३२ सेल, एक सुटी डेटा केबल आणि लिहायला वही, एवढे जवळ असले की पुरे. वही मी शेवटी लिहिली असली तरी आधी ती घ्या. कोणत्या यंत्रावर नेमकी कोणती ओळ आली, घड्याळ काय दाखवत होते, यादीत डिस्क होती की नव्हती, या तीन नोंदी प्रत्येक वेळी करा.

पहिल्या प्रकरणाकडे वळण्याआधी वाचकाला एक विनंती. आपला कॉम्प्युटर आज नीट चालू असेल तर तो एकदा बंद करून पुन्हा चालू करा, सेटअपमध्ये जा, काहीही न बदलता तिथल्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा आणि जतन न करता बाहेर या. पुढच्या वेळी लाइट आल्यावर ती ओळ दिसली, तर तुलनेला ते फोटो तुमच्या खिशात असतील.